फूड कॉस्टची टक्केवारी आणि विक्री किंमत: प्रत्येक पायरीवर शंभर कोणाला मानायचे?

हॉटेल मॅनेजमेंटच्या परीक्षेत फूड कॉस्टवरचे गणित क्वचितच अवघड असते. त्यात लागते ती बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार, आणि तरीही या प्रश्नांत गुण जातात. उत्तरपत्रिकांतल्या चुका नीट पाहिल्या तर बहुतेक एकाच ठिकाणी झालेल्या दिसतात. टक्केवारी कशाची काढायची आहे, म्हणजे शंभर कोणाला मानायचे आहे, हे न ठरवताच विद्यार्थी सूत्रात आकडे भरू लागतो. या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवले आहे आणि प्रत्येक पायरीवर हा एकच प्रश्न विचारला आहे.

आधी व्याख्या पाहू. फूड कॉस्टची टक्केवारी म्हणजे पदार्थ विकून मिळालेल्या दर शंभर रुपयांपैकी त्या पदार्थाच्या कच्च्या मालावर किती रुपये खर्च झाले, ते सांगणारा आकडा. म्हणून इथे शंभर म्हणजे विक्री.

फूड कॉस्ट टक्केवारी = कच्च्या मालाची किंमत ÷ विक्री किंमत × १००

हेच सूत्र उलटे केले की विक्री किंमत मिळते.

विक्री किंमत = कच्च्या मालाची किंमत ÷ फूड कॉस्ट टक्केवारी × १००

इतर बहुतेक व्यवहारांत नफा खरेदी किमतीवर मोजायची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. इथे मात्र खर्च आणि नफा दोन्ही विक्रीवर मोजले जातात. याला कारण आहे. व्यवस्थापकाला पगार, भाडे, वीज, इंधन आणि नफा या सगळ्यांचा वाटा एकाच रकमेतून काढायचा असतो, आणि ती रक्कम म्हणजे विक्री. समजा एका उपाहारगृहात विक्रीच्या ३० टक्के पगारावर आणि २२ टक्के इतर खर्चांवर जातात आणि मालकाला १६ टक्के निव्वळ नफा हवा आहे. या तिघांची बेरीज ६८ होते, म्हणून कच्च्या मालासाठी ३२ टक्केच उरतात. प्रश्नात फूड कॉस्ट थेट न देता हे इतर वाटे दिलेले असतील, तर शंभरातून त्यांची बेरीज वजा करून आपले लक्ष्य आपणच काढायचे असते. त्या ६८ टक्क्यांना हॉटेलच्या भाषेत ग्रॉस प्रॉफिट म्हणतात. हा ग्रॉस प्रॉफिट म्हणजे विक्रीतून फक्त कच्चा माल वजा केल्यावर उरणारी रक्कम. तिच्यातून पगार अजून द्यायचे असतात, म्हणून तिला निव्वळ नफा समजू नये.

आता उदाहरण घेऊ. चिकनच्या एका पदार्थाची स्टँडर्ड रेसिपी २० पोर्शनसाठी आहे. प्रत्येक पोर्शनसाठी हाडे काढून साफ केलेले १५० ग्रॅम कच्चे चिकन लागते. अख्खे चिकन १८० रुपये किलोने येते आणि त्याचे यील्ड, म्हणजे साफसफाईनंतर वापरता येणारा भाग, ६० टक्के आहे. उरलेल्या सर्व जिनसांचा खर्च २० पोर्शनसाठी मिळून ३८० रुपये आहे. फूड कॉस्ट ३२ टक्के ठेवायची असल्यास एका पोर्शनची विक्री किंमत किती असावी?

पहिली पायरी सोपी आहे. २० पोर्शनसाठी साफ चिकन ३,००० ग्रॅम, म्हणजे ३ किलो लागेल. दुसऱ्या पायरीवर सर्वाधिक चुका होतात. ३ किलो साफ चिकन मिळण्यासाठी अख्खे चिकन किती घ्यावे लागेल? काही जण यील्डकडे दुर्लक्ष करून ३ किलोला १८० ने गुणतात आणि ५४० रुपये लिहून मोकळे होतात. काही जण ४० टक्के वाया जाते हे लक्षात घेतात, पण ३ किलोचे ४० टक्के, म्हणजे १.२ किलो, त्यात मिळवून ४.२ किलो काढतात. दुसरे उत्तर विचारपूर्वक काढल्यासारखे दिसत असले तरी तेही चूकच आहे. यील्डच्या टक्केवारीत शंभर म्हणजे खरेदी केलेले वजन. वाया जाणारे ४० टक्के हे अख्ख्या चिकनचे ४० टक्के आहेत, साफ चिकनचे नाहीत. म्हणून ३ किलो हे खरेदीच्या ६० टक्क्यांइतके असले पाहिजेत.

खरेदीचे वजन = लागणारे साफ वजन ÷ यील्ड = ३ ÷ ०.६० = ५ किलो

पडताळणी तोंडी होते. ५ किलोचे ६० टक्के ३ किलो होतात, तर ४.२ किलोचे ६० टक्के फक्त २.५२ किलो भरतात. म्हणजे ४.२ किलो चिकन आणणाऱ्या स्वयंपाकघरात २० पोर्शनना चिकन पुरणारच नाही. परीक्षेत ही उलटी पडताळणी करायला काही सेकंद पुरतात आणि ती चूक हमखास पकडते.

५ किलो चिकनचे ९०० रुपये झाले. त्यात इतर जिनसांचे ३८० रुपये मिळवले की एकूण खर्च १,२८० रुपये होतो. त्याला २० ने भागले की एका पोर्शनचा खर्च ६४ रुपये येतो. साफ चिकनचा किलोमागे दर काढूनही याच उत्तरावर पोहोचता येते. १८० ला ०.६० ने भागले की ३०० रुपये किलो हा दर मिळतो, आणि ३ किलोचे ९०० रुपये होतात. माझ्या मते दुसरी रीत अधिक उपयोगी आहे, कारण तेच चिकन दुसऱ्या पदार्थात वापरायचे असेल तर साफ मालाचा दर तयारच असतो.

प्रश्नातली एक छोटी शब्दरचना बदलली की या पायरीचे उत्तर बदलते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. १५० ग्रॅम हे कच्च्या चिकनचे वजन न देता ताटात वाढलेल्या शिजलेल्या चिकनचे दिले असेल आणि शिजताना २५ टक्के वजन घटते असे सांगितले असेल, तर भागाकार दोनदा करावा लागतो. १५० ला ०.७५ ने भागले की प्रत्येक पोर्शनला २०० ग्रॅम साफ कच्चे चिकन लागते, म्हणजे २० पोर्शनना ४ किलो. त्या ४ किलोंना ०.६० ने भागले की खरेदी सुमारे ६.६७ किलो होते आणि चिकनचाच खर्च १,२०० रुपयांवर जातो. या ठिकाणी ४० आणि २५ यांची बेरीज करून एकूण घट ६५ टक्के मानण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. पहिले ४० टक्के अख्ख्या चिकनचे आहेत आणि नंतरचे २५ टक्के साफ केलेल्या चिकनचे आहेत. ज्या टक्केवारींचे शंभर वेगवेगळे आहेत, त्यांची बेरीज होत नाही, त्यांचे उरलेले भाग एकमेकांशी गुणावे लागतात. ०.६० गुणिले ०.७५ म्हणजे ०.४५, म्हणून एकूण यील्ड ४५ टक्के असते. प्रश्नात हाडांचे मूल्य वेगळे दिले असेल, उदाहरणार्थ ती उकळून स्टॉक बनवण्यासाठी दुसऱ्या विभागाकडे दिली जात असतील, तर ती रक्कम चिकनच्या खर्चातून वजा करावी. मूल्य दिलेले नसेल तर वजा करायला काहीच नाही.

आपल्या मूळ उदाहरणाकडे परत येऊ. पोर्शनचा खर्च ६४ रुपये आणि फूड कॉस्ट ३२ टक्के. ६४ रुपये म्हणजे विक्रीचे ३२ टक्के, तर पूर्ण १०० टक्के किती?

विक्री किंमत = ६४ ÷ ३२ × १०० = २०० रुपये

इथेही दोन चुका नेहमी दिसतात. पहिलीत ६४ मध्ये त्याचेच ३२ टक्के मिळवले जातात आणि किंमत ८४.४८ रुपये येते. दुसरीत ग्रॉस प्रॉफिट ६८ टक्के आहे म्हणून ६४ मध्ये त्याचेच ६८ टक्के मिळवले जातात आणि किंमत १०७.५२ रुपये येते. पहिल्या उत्तरावर फूड कॉस्ट काढून पाहिली तर ती जवळपास ७५.८ टक्के भरते आणि दुसऱ्यावर ५९.५ टक्के. लक्ष्य ३२ टक्क्यांचे होते, म्हणून दोन्ही उत्तरे चुकीची आहेत हे ताबडतोब कळते. फूड कॉस्ट एक तृतीयांशाच्या आसपास असेल तर विक्री किंमत खर्चाच्या तिप्पट असायला हवी, एवढा अंदाज मनाशी ठेवला तरी अशी उत्तरे लिहिताना हात थांबेल.

किंमत खर्चाच्या किती पट हवी, हा आकडा १०० ला फूड कॉस्ट टक्केवारीने भागून मिळतो. ३२ टक्क्यांसाठी तो ३.१२५ आहे, आणि ६४ गुणिले ३.१२५ म्हणजे २००. पुष्कळ पदार्थांच्या किमती एकदम काढायच्या असतील तर हा गुणक सोयीचा पडतो, पण तो मधेच गोल करू नये. ३.१२५ ऐवजी ३ घेतले तर किंमत १९२ रुपये येते आणि फूड कॉस्ट ३३.३ टक्क्यांवर जाते. पूर्णांक करायचा तो शेवटच्या उत्तराचा, आणि फूड कॉस्ट ही कमाल मर्यादा म्हणून दिली असेल तर किंमत नेहमी वरच्या बाजूला नेऊन गोल करावी, कारण किंमत खाली आणली की टक्केवारी मर्यादेच्या वर जाते.

प्रश्नाची भाषा वाचताना एक फरक विशेष जपावा लागतो. ‘ग्रॉस प्रॉफिट ६० टक्के’ असे म्हटले असेल तर विक्री शंभर धरायची, म्हणजे खर्च ४० टक्के उरतो आणि ६४ रुपयांच्या पोर्शनची किंमत १६० रुपये होते. ‘खर्चावर ६० टक्के मार्कअप’ असे म्हटले असेल तर खर्च शंभर धरायचा, आणि त्याच पोर्शनची किंमत १०२.४० रुपये होते. आकडा एकच असूनही उत्तरांत इतके अंतर पडते. ‘खर्चावर’ किंवा ‘मार्कअप’ हे शब्द नसतील तर या विषयात टक्केवारी विक्रीवरची मानावी. आपल्या उदाहरणात २०० रुपयांच्या विक्रीवर १३६ रुपये ग्रॉस प्रॉफिट मिळतो. तो विक्रीच्या ६८ टक्के आहे आणि खर्चाच्या २१२.५ टक्के. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

पुढचा प्रश्न कराचा. समजा मेनूवर करासह किंमत छापायची आहे आणि कर १० टक्के आहे. कर विक्री किमतीवर लागतो, म्हणून २०० मध्ये २० मिळवून २२० रुपये छापावे लागतील. परीक्षेत बहुधा याच्या उलट विचारतात. मेनूवरची करासह किंमत २२० रुपये आणि पोर्शनचा खर्च ६४ रुपये आहे, तर फूड कॉस्ट किती? कर सरकारकडे भरायचा असतो, तो उपाहारगृहाचे उत्पन्न नाही, म्हणून तो आधी बाजूला काढला पाहिजे. तो २२० चे १० टक्के वजा करून काढता येत नाही, कारण तसे केल्यास १९८ उरतात. कराच्या टक्केवारीत शंभर म्हणजे करापूर्वीची किंमत, आणि २२० हे तिच्या ११० टक्के आहेत. २२० ला १.१० ने भागले की २०० मिळतात आणि फूड कॉस्ट ३२ टक्के येते. कर न काढता ६४ ला थेट २२० ने भागले तर उत्तर २९.१ टक्के येते. ही चूक उत्तरात सहज दिसून येत नाही, कारण २९ टक्के हा अगदी शक्य वाटणारा आकडा आहे. किमतीत सेवा शुल्कही धरलेले असेल आणि कर त्या शुल्कासकट रकमेवर लावलेला असेल, तर जे सर्वात शेवटी मिळवले ते सर्वात आधी काढावे. उदाहरणार्थ १० टक्के सेवा शुल्क आणि त्यावर ५ टक्के कर धरून किंमत २३१ रुपये असेल, तर आधी १.०५ ने भागून २२० आणि मग १.१० ने भागून २०० मिळतात.

आतापर्यंत एका पोर्शनचे गणित झाले. संपूर्ण महिन्याच्या फूड कॉस्टच्या प्रश्नात शंभर कोणाला मानायचे हे बदलत नाही, ती विक्रीच राहते. अवघड भाग खर्चाच्या आकड्यात असतो. महिन्याची खरेदी म्हणजे महिन्याचा खर्च नव्हे, कारण काही माल आधीपासून भांडारात होता आणि काही महिनाअखेर शिल्लक राहिला आहे. समजा ओपनिंग स्टॉक ८४,००० रुपये, खरेदी ३,१०,००० रुपये आणि क्लोजिंग स्टॉक ७४,००० रुपये आहे. पहिल्या दोन्हींची बेरीज करून तिसरा वजा केला की ३,२०,००० रुपये उरतात. ही महिन्यात वापरल्या गेलेल्या मालाची किंमत आहे. पण वापरलेला सगळा माल पाहुण्यांना विकला गेला असे होत नाही. स्टाफ मीलवर २०,००० रुपयांचा माल लागला असेल, ६,००० रुपयांची फळे आणि इतर जिन्नस बारकडे गेले असतील आणि बारकडून स्वयंपाकासाठी २,००० रुपयांची वाइन आली असेल, तर पहिल्या दोन रकमा वजा करायच्या आणि तिसरी मिळवायची.

विकलेल्या अन्नाची किंमत = ३,२०,००० − २०,००० − ६,००० + २,००० = २,९६,००० रुपये

करापूर्वीची विक्री ९,२५,००० रुपये असेल तर फूड कॉस्ट बरोबर ३२ टक्के येते. स्टाफ मील आणि बारचे व्यवहार विसरले तर तीच ३४.६ टक्के दिसते, आणि विद्यार्थी विनाकारण असा निष्कर्ष लिहितो की स्वयंपाकघर मर्यादेबाहेर गेले आहे. कोणती रक्कम मिळवायची आणि कोणती वजा करायची याचा गोंधळ झाला तर प्रत्येक रकमेसाठी एवढेच विचारावे: हा माल पाहुण्याने पैसे देऊन घेतलेल्या ताटात गेला का? गेला असेल तर तो खर्चात राहतो. नसेल तर बाहेर काढायचा. स्टाफ मीलचा खर्च नाहीसा होत नाही, तो पगार आणि कर्मचारी सुविधांच्या खात्यात जातो.

प्रश्नात पुष्कळदा प्रमाणित आणि प्रत्यक्ष फूड कॉस्टची तुलना विचारतात, आणि या भागावर अभ्यास करताना अधिक वेळ द्यावा असे मला वाटते, कारण आकड्यांमागे स्वयंपाकघरात काय घडले ते इथे दिसते. रेसिपी २० पोर्शनची आहे, पण वाढताना माप न वापरल्यामुळे १८ च निघाले असे समजा. खर्च १,२८० रुपयेच आहे, तो आता १८ मध्ये वाटला जातो आणि पोर्शनमागे ७१.११ रुपये होतो. मेनूवरची किंमत २०० रुपयेच राहते, म्हणून फूड कॉस्ट ३२ वरून ३५.६ टक्क्यांवर जाते. हा फरक दिसल्यावर किंमत वाढवावी असे उत्तर लिहू नये, कारण चूक किमतीत नसून पोर्शनच्या मापात आहे. आधी ताटातले वजन तपासावे, मग साफ केलेल्या मालाचे वजन करून यील्ड खरोखर ६० टक्के येते का ते पाहावे, आणि त्यानंतर खरेदीचा दर रेसिपी कार्डावरच्या दराशी ताडून पाहावा. दर वाढलेला असेल तरच किमतीचा विचार करायचा.

अनेक पदार्थांची एकत्रित फूड कॉस्ट काढताना शंभरचा प्रश्न पुन्हा समोर येतो. आपल्या चिकनच्या पदार्थाची फूड कॉस्ट ३२ टक्के आहे. सोबत एक सूप आहे, त्याचा खर्च २० रुपये, किंमत १०० रुपये आणि फूड कॉस्ट २० टक्के. दोघांची सरासरी २६ टक्के असे लिहिणे चूक आहे, कारण दोन्ही टक्केवारींचे शंभर म्हणजे वेगवेगळ्या विक्रीच्या रकमा आहेत. चिकनचे १०० पोर्शन आणि सूपचे ३०० पोर्शन विकले गेले असतील, तर एकूण खर्च ६,४०० आणि ६,००० मिळून १२,४०० रुपये, एकूण विक्री २०,००० आणि ३०,००० मिळून ५०,००० रुपये आणि फूड कॉस्ट २४.८ टक्के होते. म्हणजे पदार्थांच्या किमती तशाच राहूनही विक्रीचे प्रमाण बदलले की एकूण टक्केवारी बदलते. सूपची टक्केवारी कमी आहे म्हणून तेच अधिक लाभदायक, असा निष्कर्षही घाईने काढू नये. सूपच्या प्रत्येक पोर्शनमागे ८० रुपये उरतात आणि चिकनच्या प्रत्येक पोर्शनमागे १३६ रुपये उरतात, आणि पगार व भाडे उरलेल्या रुपयांतूनच द्यावे लागते. म्हणून ‘कोणत्या पदार्थाची विक्री वाढवावी’ असे विचारले असेल तर टक्केवारीच्या शेजारी पोर्शनमागे उरणारी रक्कमही लिहावी आणि तिच्या आधारे उत्तर द्यावे.